केले ते कोणी? वरिष्ठांस पाठवावयाच्या ईमेलमधील सहकाऱ्यांच्या कार्याचा निर्देश

संशोधनप्रकल्पाचा एखादा टप्पा पूर्ण झाला म्हणजे गटप्रमुख विभागप्रमुखांस किंवा अधिष्ठात्यांस त्याचे वृत्त ईमेलने कळवितो. हे वृत्त बहुधा दहाबारा ओळींचेच असते. तथापि पुढे वार्षिक अहवालात जे वाक्य जाते, शिफारसपत्रात जे शब्द येतात आणि पुढील अनुदानाच्या अर्जात ज्यांची नावे लागतात, ते सर्व पुष्कळदा या दहाबारा ओळींतूनच उचललेले असते. त्यांत एखाद्याचे नाव आले नाही, तर ते मागाहून आपोआप येत नाही. कारण वरिष्ठांसमोर मूळ काम नसते, केवळ त्याचे वृत्त असते.

असे नाव गळाले म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात श्रेय लाटण्याचा हेतू होता, असा समज सहज होतो. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु मराठीतून लिहिलेली अशी पत्रे बारकाईने पाहिली असता असे दिसते की, पुष्कळ नावे हेतूमुळे नव्हे, तर वाक्यरचनेमुळे गळतात. मराठीचे व्याकरण कर्त्यावाचून वाक्य पुरे करण्याच्या अनेक सोयी देते, आणि कार्यालयीन गद्याने नेमक्या त्याच सोयी आपल्याशा केल्या आहेत. त्या सोयी कोणत्या, त्यांचा परिणाम काय होतो आणि त्या टाळून, पण प्रौढी न मिरविता, वृत्त कसे लिहावे, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

१. क्रियापद आणि लपलेला कर्ता

'शब्द टिपले' हे दोनच पदांचे वाक्य घ्यावे. ते कोणी टिपले? 'मी शब्द टिपले', 'तिने शब्द टिपले', 'आम्ही शब्द टिपले', 'विद्यार्थ्यांनी शब्द टिपले' या चारही वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. 'टिपले' हे रूप 'शब्द' या अनेकवचनी पुल्लिंगी नामाशी जुळते, टिपणाऱ्याशी नव्हे. 'गावी गेलो' असे म्हटले तर जाणाऱ्यांत बोलणारा आहे, हे क्रियापदच सांगते. 'शब्द टिपले' यात तशी कोणतीच खूण नाही. म्हणून कर्ता वगळला की तो वाक्यातून पूर्णपणे नाहीसा होतो.

रिकामी राहिलेली ही जागा वाचणारा मात्र रिकामी ठेवीत नाही. पत्राखाली ज्याची सही असते, त्याचे नाव तो तेथे मनातल्या मनात घालतो. असत्य असे एकही विधान न करता सर्व काम एका माणसाच्या नावे जमा होते ते असे.

दुसरी सोय 'करण्यात आले' ही होय. येथे कर्ता केवळ वगळलेला नसतो, तर त्याला जागाच ठेवलेली नसते. तिसरी सोय 'करून घेतले' ही. 'विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रण करून घेतले' या वाक्यात विद्यार्थ्यांचा उल्लेख आहे खरा, पण वाक्याचा कर्ता करून घेणारा आहे. प्रत्यक्ष करणारे साधनाच्या जागी गेले आहेत. चौथी सोय 'सहकार्य लाभले' किंवा 'साहाय्य झाले' ही. हे शब्द आदराचे वाटतात, परंतु त्यांतून काम कोणते झाले हे कळत नाही. ज्याने वाहन मिळवून दिले त्याचेही सहकार्य, आणि ज्याने संपूर्ण प्रश्नावली रचली त्याचेही सहकार्यच.

सर्वनामांकडेही लक्ष द्यावयास हवे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत भेद आहे. वरिष्ठांस लिहिताना 'आम्ही' म्हटले की ते वरिष्ठ त्यातून वगळले जातात आणि 'आपण' म्हटले की त्यांचाही समावेश होतो. परंतु गटाच्या आत 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, हे यांपैकी कोणतेच सर्वनाम सांगत नाही. नम्रता म्हणून 'मी' ऐवजी 'आम्ही' लिहिणारा कधी एकट्याचे काम सर्वांच्या नावे घालतो, तर कधी दोघांचे काम सहा जणांत वाटून टाकतो. पहिल्यात वृत्त चुकते, दुसऱ्यात अन्यायही होतो.

२. आजरे येथील शब्दसंग्रह : एक कल्पित उदाहरण

हा विचार प्रत्यक्षात कसा लागू पडतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पावे. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुका घनसाळ या सुवासिक भातासाठी प्रसिद्ध आहे. या भाताला २०१६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. एका बाजूस कोकणात उतरणारे घाट आणि दुसऱ्या बाजूस जवळच आलेली कर्नाटकाची सीमा, यांमुळे येथील शेतीची परिभाषा भाषेच्या अभ्यासकाला स्वाभाविकपणेच खुणावते. तरवा, चिखलणी, भांगलण, मळणी असे शब्द प्रत्येक गावी त्याच अर्थाने व त्याच उच्चाराने वापरले जातात काय, हा अभ्यासाचा विषय आहे, असे धरावे.

एका मराठी विभागाने या कामासाठी सहा जणांचा गट नेमला. प्रा. अ हे गटप्रमुख. त्यांनी योजना आखली, गावे निवडली आणि शेवटी शब्दांचे अर्थ संपादित केले. डॉ. ब यांनी ११० प्रश्नांची प्रश्नावली रचली, दोन गावांत ती करून पाहिली आणि तीत दुरुस्ती केली. कु. क आणि श्री. ड हे पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी. १२ गावांपैकी ७ गावांतील मुलाखती कु. क यांनी व ५ गावांतील श्री. ड यांनी ध्वनिमुद्रित केल्या. ३६ शेतकऱ्यांच्या मिळून सुमारे ३० तासांच्या मुलाखती झाल्या, आणि त्या सर्व शब्दशः उतरवून काढण्याचे काम एकट्या कु. क यांनी केले. श्री. इ हे आजरे येथील माध्यमिक शाळेतील शिक्षक. त्यांनी वृद्ध शेतकऱ्यांशी गाठ घालून दिली, आणि तयार झालेली यादी वाचून ४६ शब्दांचे अर्थ दुरुस्त केले. विभागातील लिपिक श्री. फ यांनी प्रवास व खर्चाचा हिशेब सांभाळला. एकूण ४१८ शब्द जमले.

यातील श्री. इ यांचे काम दोन प्रकारचे आहे, हे ध्यानात घ्यावे. गाठ घालून देणे हे साहाय्य होय. परंतु 'तरवा' म्हणताना वक्त्याला रोपे अभिप्रेत आहेत की रोपांचा वाफा, असा प्रश्न यादीत उभा राहिला असता तो सोडविणे हे संशोधनातीलच काम आहे. 'स्थानिक शिक्षकांचे सहकार्य लाभले' या वाक्यात पहिले काम दिसते आणि दुसरे बुडते.

३. नेहमीचा मसुदा

प्रा. अ यांनी लिहिलेला पहिला मसुदा पुढीलप्रमाणे होता असे समजावे :

"आजरा तालुक्यातील घनसाळ भाताच्या लागवडीविषयीच्या शब्दसंग्रहाचे काम पूर्ण झाले आहे. विस्तृत प्रश्नावली तयार करून १२ गावांतील ३६ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रण करून घेतले. सर्व मुलाखती शब्दशः उतरवून काढण्यात आल्या. ४१८ शब्दांचे अर्थ निश्चित केले. डॉ. ब व स्थानिक शिक्षक यांचे मोलाचे सहकार्य लाभले. सर्वांचे मनःपूर्वक आभार."

या मसुद्यात एकही विधान खोटे नाही, आणि 'मी' हा शब्दही एकदाही आलेला नाही. लिहिणाऱ्याला तो नम्रपणाचा नमुना वाटला तर नवल नाही. आता प्रत्येक क्रियापदास 'कोणी?' असा प्रश्न विचारावा. तयार करून, घेतल्या, करून घेतले, उतरवून काढण्यात आल्या, निश्चित केले : पाचही ठिकाणी उत्तर वाक्यात नाही. प्रश्नावली डॉ. ब यांची, पण ती 'तयार करून' या अव्ययात विरून गेली. ३० तासांच्या मुलाखती एकट्याने उतरवून काढणाऱ्या कु. क यांचे नाव पत्रात कोठेच नाही; त्या 'विद्यार्थी' या शब्दात सामावल्या, आणि तोही शब्द दुसऱ्याच कामासाठी आला.

येथे आणखी एक भेद दिसतो. अध्यापकाचा उल्लेख नावाने झाला आहे, तर विद्यार्थ्यांचा वर्गाने. ही सवय इतकी रुळलेली आहे की ती खटकतही नाही. एकवचन व आदरार्थी अनेकवचन यांतही हाच भेद डोकावतो : 'डॉ. ब यांनी रचली' पण 'एका विद्यार्थिनीने उतरविल्या'. बोलण्यात वयाप्रमाणे हा फरक क्षम्य असेल. वृत्तात मात्र सर्वांस नावाने व 'यांनी' या एकाच रूपाने निर्देशिणे योग्य होय.

शेवटच्या आभाराच्या ओळीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अधिष्ठाते हा ईमेल जसाच्या तसा पुढे पाठवितीलच असे नाही. अहवालासाठी ते त्यातील दोनतीन वाक्ये उचलतात, आणि ती कामाची वाक्ये असतात, आभाराची नव्हेत. म्हणून नावे आभारात व कामे वर, अशी विभागणी केली की पहिल्याच उचलीत नावे व कामे यांची ताटातूट होते. नाव कामाच्या वाक्यातच गुंफलेले असेल, तर ते काढण्यासाठी कोणाला तरी मुद्दाम वाक्य मोडावे लागते.

४. सुधारित मसुदा

तोच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येतो :

"आजरा तालुक्यातील १२ गावांतून घनसाळ भाताच्या लागवडीविषयीचे ४१८ शब्द अर्थांसह संगृहीत झाले असून यादी सोबत जोडली आहे. ११० प्रश्नांची प्रश्नावली डॉ. ब यांनी रचली व दोन गावांत करून पाहून दुरुस्त केली. ३६ शेतकऱ्यांच्या मुलाखती कु. क यांनी ७ गावांत व श्री. ड यांनी ५ गावांत ध्वनिमुद्रित केल्या. सुमारे ३० तासांच्या या सर्व मुलाखती कु. क यांनी शब्दशः उतरवून काढल्या. आजरे येथील शिक्षक श्री. इ यांनी शेतकऱ्यांशी गाठ घालून दिली, तसेच यादी तपासून ४६ शब्दांचे अर्थ दुरुस्त केले. प्रवासाची व्यवस्था व हिशेब श्री. फ यांनी पाहिला. गावांची निवड व अर्थांचे अंतिम संपादन मी केले. दोन गावांत वक्त्यांची वये टिपली गेली नव्हती, ती पुन्हा जाऊन घ्यावी लागली; नोंदपत्रकात वयाचा रकाना ठेवणे माझ्याकडून राहिले होते."

हा मसुदा पहिल्यापेक्षा लांब आहे, पण फार नाही. आरंभी फलित एका वाक्यात आले आहे, कारण वरिष्ठांस प्रथम तेच हवे असते. त्यानंतरचे प्रत्येक वाक्य जवळजवळ एकाच साच्याचे आहे : नाव, 'यांनी', नेमके क्रियापद, आणि मोजता येईल अशी काही खूण. रचली, ध्वनिमुद्रित केल्या, उतरवून काढल्या, दुरुस्त केले, पाहिला. या क्रियापदांतून प्रत्येकाच्या कामाचा प्रकार कळतो, आणि ७, ५, ३०, ४६ या आकड्यांतून त्याचा आवाका. कोणतेही काम मोठे किंवा छोटे म्हणून सांगितलेले नाही. ते ठरविणे वाचणाऱ्याकडे सोपविले आहे.

विशेषणे येथे आलेली नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'मोलाचे', 'अथक', 'विस्तृत', 'मनःपूर्वक' हे शब्द प्रौढीच्या बाजूला आणि लपविण्याच्या बाजूला असे दोन्हीकडे काम करतात. स्वतःच्या कामास लावले की प्रौढी होते. दुसऱ्याच्या कामास लावले की पुष्कळदा त्या कामाचे वर्णन करण्याची गरजच टळते. 'अथक परिश्रम घेतले' असे लिहिणाऱ्याला ते परिश्रम कशाचे होते, हे सांगावे लागत नाही.

५. 'मी' आणि प्रौढी

प्रौढी टाळण्यासाठी 'मी' टाळावे, हा समज वरील दोन मसुदे शेजारी ठेवले असता टिकत नाही. पहिल्यात 'मी' नाही आणि सर्व श्रेय लिहिणाऱ्याकडे जाते. दुसऱ्यात 'मी' आहे आणि लिहिणाऱ्याच्या वाट्याला त्याने केलेली दोनच कामे येतात. 'मी' हे सर्वनाम कर्त्याची सीमा आखते. ते जितके स्पष्ट, तितका इतरांचा वाटा मोकळा राहतो. प्रौढी 'मी' या शब्दात नसून, 'मी' च्या वाक्याला इतरांच्या वाक्यांहून वेगळा साचा दिल्याने ती येते. कु. क यांनी 'उतरवून काढल्या' आणि 'मी मात्र संपूर्ण कार्याची धुरा सांभाळली', असे लिहिले की तोल जातो.

याच्या उलट बाजूस अतिनम्रतेचा दोष आहे. गटप्रमुखाने आपले काम अजिबात न सांगितल्यास गावांची निवड व अर्थसंपादन कोणी केले, हे अज्ञात राहते. पुढे एखाद्या अर्थाविषयी शंका निघाली, तर ती कोणाकडे न्यावयाची, हे वरिष्ठांस कळत नाही. आपल्या कामाचा निर्देश हा जबाबदारीचाही निर्देश असतो. चुकीचे वाक्यही याच न्यायाने लिहिले आहे. 'वये टिपली गेली नव्हती' एवढ्यावर थांबले असते, तर वाचणाऱ्याने दोष मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर टाकला असता. रकाना कोणी ठेवला नव्हता हे सांगितल्याने तो योग्य जागी गेला.

प्रमुखाचे श्रेय आणि सहकाऱ्याचे श्रेय एकमेकांस खात नाहीत, याचे मोठे उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ साली मुख्य संपादकपद स्वीकारले आणि संपादनाची पद्धती घालून दिली. आदिपर्व व आरण्यकपर्व यांचे संपादनही त्यांनी स्वतः केले. परंतु विराटपर्व रघुवीर यांच्या, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांच्या आणि सभापर्व फ्रँकलिन एजर्टन यांच्या संपादनाखाली म्हणूनच प्रसिद्ध झाले. 'संपादन' हा एकच शब्द दोन पातळ्यांवर वापरावा लागला, तेव्हा 'मुख्य संपादक' आणि 'पर्वाचे संपादक' अशी दोन पदे स्पष्ट केली गेली. पद्धती कोणाची व पर्व कोणाचे, ही दोन्ही उत्तरे आजही वाचकाला वेगवेगळी मिळतात. लहान ईमेलमध्येही 'योजना' आणि 'कार्य' यांना अशीच दोन वाक्ये द्यावीत.

हीच गरज आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकांनाही जाणवली. लेखकांच्या यादीतील क्रमावरून कोणी काय केले हे कळेना, म्हणून कामांच्या १४ प्रकारांची 'क्रेडिट' नावाची वर्गवारी रूढ झाली, आणि २०२२ साली अमेरिकेतील 'नायसो' या मानकसंस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. संकल्पना, अन्वेषण, सामग्रीची व्यवस्था, पडताळणी, प्रथम लेखन, संस्करण इत्यादी भेद तीत आहेत. ईमेलमध्ये ही वर्गवारी जशीच्या तशी घालण्याचे कारण नाही. परंतु मसुद्यापूर्वी ती डोळ्यांखालून घातली, तर सामग्रीची व्यवस्था आणि पडताळणी ही दोन कामे आठवतात; कारण तयार यादीत ती दिसत नाहीत आणि म्हणून बहुधा हीच विसरली जातात. वरील उदाहरणात कु. क व श्री. इ यांचे काम नेमके याच प्रकारचे होते.

६. पडताळणी आणि मर्यादा

मसुदा पाठविण्यापूर्वी तो गटातील सर्वांस दाखवावा. मात्र 'ठीक आहे ना?' असे विचारल्यास कनिष्ठ सहकारी 'हो सर' याखेरीज काही म्हणणार नाही. त्याऐवजी प्रत्येकास दोनच प्रश्न विचारावेत : तुमच्या नावापुढील क्रियापद बरोबर आहे काय, आणि तुम्ही पाहिलेले कोणाचे काम यात आलेले नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे असते, कारण आपले काम राहिले असे सांगण्यास माणूस संकोचतो, दुसऱ्याचे राहिले असे सांगण्यास तितका संकोचत नाही. त्यानंतर सर्वांस सीसीमध्ये ठेवून ईमेल पाठवावा, म्हणजे नंतर त्यातील मजकूर उचलला गेला तरी मूळ वृत्त प्रत्येकाजवळ राहते.

कर्ता वगळणे नेहमीच दोषास्पद असते असे नाही. 'पावसामुळे दोन दिवस काम थांबविण्यात आले' यात थांबविणारा कोण, याला महत्त्व नाही. ज्या ३६ शेतकऱ्यांनी शब्द सांगितले, त्यांच्या ज्ञानावर सर्व संग्रह उभा आहे; तरी त्यांची नावे अनुमती असेल तरच द्यावीत, आणि अनुमती नसल्यास गाव व संख्या सांगून त्यांच्या वाट्याची नोंद करावी. काही कामे खरोखरच विभागता येत नाहीत. एखाद्या शब्दाचा अर्थ दोघांनी समोरासमोर बसून ठरविला असेल, तर तेथे ओढूनताणून वाटणी करू नये. 'दोघांनी मिळून' असेच लिहावे. नावे कोणत्या क्रमाने येतात, याचाही वाचणारे अर्थ लावतात. म्हणून क्रम पदाप्रमाणे न ठेवता वरीलप्रमाणे कामाच्या क्रमाने ठेवावा. तो ओळखणे सोपे असते आणि त्यात कोणाचा मान ठरविला जात नाही.

विभागप्रमुखांनी स्वतःकडे आलेले वृत्त अधिष्ठात्यांस कळविताना हीच परीक्षा पुन्हा घेणे अगत्याचे आहे, कारण प्रत्येक पायरीवर मजकूर आखडतो. सहा वाक्यांची दोन करावयाची वेळ आली, तर 'प्रा. अ यांच्या गटाने' असे लिहिण्याऐवजी 'प्रा. अ, डॉ. ब, कु. क, श्री. ड, श्री. इ व श्री. फ यांनी' असे लिहावे. त्याला एक ओळ अधिक लागते. प्रत्येकाचे काम त्या संक्षेपात मावणार नाही हे खरे, पण नावे शिल्लक असली म्हणजे कामाची विचारपूस करता येते. नावच नसेल, तर विचारावयाचे कोणाला, हा प्रश्नही कोणाला पडत नाही.